ऑनलाइन चाचणीत वेळ वाढवून मागताना

प्रश्न : राधानगरी तालुक्यातल्या आमच्या गावातून ९० मिनिटांची कोडिंग चाचणी देत होतो. पावसात लाइट गेली, ११.२० ते ११.३८ नेट बंद. घड्याळ मात्र चालूच राहिलं. ती वेळ परत मिळेल का?

मागता येईल, परंतु निर्णय भरती करणाऱ्या कंपनीचा असतो. अशा चाचण्यांचे घड्याळ सहसा सर्व्हरवर चालते, त्यामुळे तुमची जोडणी तुटली तरी ते थांबत नाही, आणि चाचणीच्या संकेतस्थळाचा मदत कक्ष स्वतःहून वेळ वाढवून देत नाही. तिथे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक तेवढा घ्यावा. विनंती मात्र निमंत्रण पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला, आणि कॅम्पस भरती असल्यास प्लेसमेंट अधिकाऱ्यांमार्फत, त्याच दिवशी करावी.

‘नेट खराब होते’ एवढ्याने काम भागत नाही. नोंदणीचा ईमेल, चाचणीचे नाव, ११.२० आणि ११.३८ या वेळा आणि त्या क्षणी कोणता प्रश्न उघडा होता, हे लिहावे. सर्व्हरच्या नोंदीतही तोच खंड दिसण्याची शक्यता असल्याने वेळा अंदाजाने लिहू नयेत. महावितरणचा एसएमएस आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडावा. मध्येच मोबाइल हॉटस्पॉटवर गेला असाल तर तेही आपणहून सांगावे, कारण आयपी पत्ता बदलल्याची नोंद देखरेखीत संशयास्पद ठरू शकते. चाचणी जमा झाली असेल, तर नुसती १८ मिनिटे मागण्यापेक्षा ‘चाचणी पुन्हा उघडावी किंवा नवी द्यावी’ असे दोन्ही पर्याय लिहिणे शहाणपणाचे. प्रश्न पाहून झालेल्या उमेदवाराला अनेकदा वेगळा संच दिला जातो.

प्रश्न : परवा अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आहे आणि मला डेंग्यूचा ताप आहे. लिंक उघडून बघते, नाही जमलं तर कळवते. चालेल ना?

कृपया तसे करू नका. लिंक किती दिवस चालेल ही एक मुदत आणि ‘स्टार्ट’ दाबल्यावर सुरू होणारा कालावधी ही दुसरी. पहिली वाढवणे कंपनीला सोपे जाते, दुसरी सुरू झाली की तुम्ही परीक्षेला बसलात असे धरले जाते. शिवाय तापात २० मिनिटे जास्त मिळून उपयोग काय? आजच मेल करून पुढची तारीख मागा, सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. त्यात विश्रांतीचे दिवस स्पष्ट असावेत. रक्ततपासणीचे सगळे अहवाल पाठवण्याची गरज नाही.

प्रश्न : गावचं नेट टिकेल की नाही हे आधी कसं ओळखायचं?

चाचणी ज्या वेळी आहे त्याच वेळी, आदल्या दिवशी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे चालवा :

```
ping -n 100 8.8.8.8
```

शेवटी `Lost` पुढे दिसणारा आकडा शून्याच्या आसपास नसेल आणि मध्ये वारंवार `Request timed out` येत असेल, तर कोल्हापुरात कुणा मित्राच्या खोलीवर बसण्याची सोय करावी. तेही शक्य नसल्यास हाच स्क्रीनशॉट जोडून चाचणीपूर्वीच वेळ बदलून मागावी.