'फास्ट'ला 'ली' नको, 'हार्डली'ला जप

मालवणात पर्यटकांना होडीतून फिरवताना इंग्रजी बोलायचं म्हणतोस, तर आधी एक सवय सोड. आपण 'ती चांगली पोहते' म्हणतो. सांगायचं असतं पोहण्याबद्दल, तरी 'चांगली' तिच्याच लिंगाप्रमाणे बदलतं. त्यामुळे 'शी स्विम्स गुड' सहज तोंडात येतं. तिथे 'वेल' हवं, कारण शब्द क्रियेबद्दल सांगतोय.

'अ स्लो बोट'मध्ये होडी कशी ते कळतं, 'द बोट मूव्ह्ज स्लोली'मध्ये तिचं चालणं. क्रियेसाठी बहुतेक वेळा 'ली' जोडून भागतं. 'फास्ट' मात्र दोन्हीकडे तसाच राहतो: 'अ फास्ट बोट', 'द बोट गोज फास्ट'. 'फास्टली' म्हणूच नकोस.

'फास्टली' म्हटलंस तर समोरचा समजून तरी घेईल. 'हार्ड'ला 'ली' लावलंस तर अर्थच उलटतो. 'द फिशरमेन वर्क हार्ड' म्हणजे रापणकर घाम गाळतात. 'द फिशरमेन हार्डली वर्क' म्हणजे ते फारसं काम करतच नाहीत. बिचाऱ्यांवर केवढा अन्याय! म्हणून जागा बघत जा: मेहनतीचं 'हार्ड' क्रियापदानंतर येतं, 'हार्डली' बहुधा त्याच्या आधी. 'हार्डली'त नकार आधीच असतो, त्यामुळे सोबत 'डोन्ट' लावायचं नाही.

'लेट'चंही असंच आहे. होडी उशिरा आली तर 'द बोट केम लेट'. 'लेटली' म्हणजे अलीकडे, हल्ली.