फिग्मा फाइल डेव्हलपरला देताना: एका दर-कार्डाचं उदाहरण

प्रश्न: मी नांदेडला राहून फ्रीलान्स यूआय डिझाइन करतो. फिग्माची लिंक पुण्यातल्या डेव्हलपरला पाठवतो, पण बनून आलेलं बघितलं की अंतरं वेगळी, अक्षरं वेगळी. फाइल कशी तयार करून द्यावी म्हणजे जसं ठरवलंय तसंच बनेल?

उत्तर:

मी लातूरला हेच काम करतो. माझ्या अनुभवात बहुतेक फरक एकाच कारणाने पडतात. आपण स्क्रीन एका विशिष्ट मजकुरासाठी आणि एका विशिष्ट रुंदीसाठी काढतो. मजकूर किंवा रुंदी बदलली की काय व्हावं, हे फाइलमध्ये कुठेच नसतं. मग ते डेव्हलपर ठरवतो, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून पूर्ण अ‍ॅपबद्दल न बोलता एकच कार्ड घेतो आणि ते द्यायला कसं तयार करायचं ते सांगतो.

समजा फोनच्या ब्राउझरमध्ये उघडणारं, बाजार समितीचे भाव दाखवणारं अ‍ॅप आहे. कार्डावर वर शेतमालाचं नाव, त्याखाली बाजार समिती, मग तीन आकडे: कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. शेवटी आवक क्विंटलमध्ये. डिझाइन करताना आपण ‘सोयाबीन’, ‘लातूर’ आणि ४,६५० असा नमुन्याचा आकडा टाकतो. कार्ड छान दिसतं, कारण ‘लातूर’ तीन अक्षरांचं आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे त्याच कार्डात सगळ्यात त्रासदायक खरा मजकूर भरून बघणं. बाजार समितीच्या जागी ‘हिंगोली-खानेगाव नाका’ टाका, ‘छत्रपती संभाजीनगर’ टाका. नाव एका ओळीत मावलं नाही तर दुसऱ्या ओळीवर जायचं की शेवटी तीन टिंबं द्यायची, हे तुम्हीच ठरवा. इथे मी नेहमी दुसरी ओळ देतो. ‘लातूर’ आणि ‘लातूर-मुरूड’, ‘हिंगोली’ आणि ‘हिंगोली-खानेगाव नाका’ यांतला फरक नावाच्या शेवटी असतो, तोच कापला तर शेतकऱ्याला भाव कुठला ते कळणार नाही. मग फिग्मात कार्डाची उंची `Hug contents` ठेवा आणि नावाच्या मजकुराची रुंदी `Fill container`. उंची `Fixed` राहिली तर डेव्हलपर तोच आकडा उचलतो आणि दुसऱ्या ओळीमुळे खालचा मजकूर कार्डाबाहेर जातो. आणखी एक कार्ड सुट्टीच्या दिवसाचं काढा. बाजार बंद असला की तिन्ही दर रिकामे असतात. तिथे शून्य दाखवायचं नाही, कारण शून्य हा भाव म्हणून वाचला जातो. ‘आज आवक नाही’ अशी एकच ओळ असलेलं वेगळं कार्ड द्या. नेट गेल्यावर कालचा भाव दाखवायचा असेल तर तारीख कुठे आणि कोणत्या रंगात येईल, तेही काढून द्या.

आता तीन आकड्यांची रांग. स्क्रीन ३६० पिक्सेलची, दोन्ही बाजूंना १६ सोडले तर कार्ड ३२८ चं. कार्डाला १ पिक्सेलची कड आणि आत १६ चं पॅडिंग. उरले २९४. तीन रकाने आणि मध्ये ८-८ ची दोन अंतरं धरली तर प्रत्येक रकाना ९२.६७ चा होतो. डेव्हलपरने रकान्यावर क्लिक केलं की त्याला हाच आकडा दिसतो. त्याने तो तसाच लिहिला तर ४१२ रुंदीच्या फोनवर तिन्ही रकाने डावीकडे गोळा होतात आणि उजवीकडे मोकळी जागा पडते. तुमच्या मनात मात्र ‘तीन समान भाग’ होते. म्हणून तिन्ही रकाने `Fill container` करा आणि शेजारी स्पष्ट लिहा: रुंदी समान भागात, आकडा वापरू नये. तेच कार्ड ३६० आणि ४१२ अशा दोन रुंदींवर शेजारी शेजारी ठेवलं की शंका उरत नाही. डेव्हलपरच्या हातात शेवटी साधारण असं काही यायला हवं:

```css
.card {
  box-sizing: border-box;
  padding: 16px;
  border: 1px solid #D9D9D9;
}
.rates {
  display: grid;
  grid-template-columns: repeat(3, minmax(0, 1fr));
  gap: 8px;
}
```

तुम्हाला कोड लिहायचा नाही, पण वाचता येणं फार कामाला येतं. यातल्या `border` कडे बघा. ब्राउझरमध्ये कड स्वतःची जागा घेते, म्हणून मजकूर कार्डाच्या टोकापासून १६ + १ म्हणजे १७ वर सुरू होतो. फिग्माच्या ऑटो लेआउटमध्ये कड मोजणीत धरलेली नसेल तर मजकूर १६ वरच राहतो. दोघांनी आपापल्या जागी बरोबर काम केलं तरी एक पिक्सेल हलतो. एका कार्डात तो दिसणार नाही, पण कार्डात कार्ड आलं की डावी रेघ जुळेनाशी होते. ऑटो लेआउटच्या सेटिंगमध्ये `Strokes` हे `Included` करून ठेवा, मग दोन्हीकडचा हिशेब एक होतो. वर मी २९४ काढले ते तसंच धरून.

मराठी अक्षरांचा भाग इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सापडत नाही, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. इंग्रजी शीर्षकाला १२० टक्के लाइन हाइट चालते. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं. दोन ओळी झाल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो. त्यात मजकूर दोन ओळींनंतर कापायला सांगितला असेल तर शेवटच्या ओळीचे उकारच छाटले जातात. मुक्ता वापरत असाल तर मी १५० टक्क्यांच्या खाली जात नाही. ही किंमत `Auto` वर सोडू नका, प्रत्येक टेक्स्ट स्टाइलमध्ये लिहा. आणि लेटर स्पेसिंग शून्य ठेवा. इंग्रजीत सुटसुटीत वाटणारी दोन टक्के मोकळीक देवनागरीत शिरोरेषा तोडते, शब्द तुकड्या-तुकड्यांनी दिसतो.

फॉन्टची फाइल कोणती वापरायची, हे नावासकट द्या. मुक्ताची सात वजनं आहेत. तुम्ही दोनच वापरत असाल तर ‘मुक्ता रेग्युलर ४०० आणि सेमीबोल्ड ६००’ असं लिहा. डेव्हलपरने फक्त रेग्युलर लोड केला आणि ६०० मागितला तर ब्राउझर तेच अक्षर फुगवून खोटा ठळकपणा आणतो, आणि जोडाक्षरांची भोकं बुजतात. दुसरी अडचण अशी की काही वेळा फॉन्टची फक्त लॅटिन भाग असलेली फाइल प्रोजेक्टमध्ये टाकली जाते. मग इंग्रजी आकडे मुक्तात दिसतात आणि मराठी शब्द फोनच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये. ‘काहीतरी वेगळं दिसतंय’ असं वाटतं पण बोट ठेवता येत नाही, ते बऱ्याचदा हेच असतं. क्रोममध्ये त्या शब्दावर `Inspect` करा, `Computed` मध्ये अगदी खाली `Rendered Fonts` असतं. तिथे मुक्ताऐवजी दुसरं नाव दिसलं की कारण सापडलं.

आकड्यांचंही ठरवून द्या. तुम्ही डिझाइनमध्ये 4,650 लिहिलं आणि डेव्हलपरने `Intl.NumberFormat` ला भाषा मराठी दिली तर ब्राउझर आपोआप ४,६५० लिहितो. अंकांची रुंदी बदलते, रांग बदलते. मराठी अंक हवे असतील तर डिझाइनमध्येही मराठीच लिहा. इंग्रजी अंक हवे असतील तर चिठ्ठीत एवढी ओळ पुरते:

```js
new Intl.NumberFormat('mr-IN-u-nu-latn').format(4650)
```

आता मोठ्या अक्षरांचा विचार. आपल्याकडे भाव बघणारी बरीच वयस्कर मंडळी फोनची अक्षरं मोठी करून ठेवतात. कार्डाची एक प्रत १३० टक्क्यांवर काढून बघा: १४ चं लेबल १८ च्या आसपास जातं आणि ‘जास्तीत जास्त दर’ त्या ९२ पिक्सेलच्या रकान्यात एका ओळीत राहत नाही. अशा वेळी तीन रकाने मोडून तीन ओळी करायच्या, डावीकडे लेबल आणि उजवीकडे आकडा, असा दुसरा व्हेरियंट मी देतो. नुसतं ‘रिस्पॉन्सिव्ह करा’ म्हटलं तर समोरचा अक्षरं पुन्हा लहान करून टाकेल.

हे सगळं कुठे लिहायचं? डेव्ह मोडला पैसे भरलेली सीट लागते, आणि आपल्याकडचा छोटा ग्राहक डेव्हलपरसाठी ती घेईलच असं नाही. त्यामुळे मी त्यावर अवलंबून राहत नाही. फाइलमध्ये ‘बनवण्यासाठी’ नावाचं एक वेगळं पान ठेवतो. प्रत्येक घटक एकदाच, त्याच्या सगळ्या अवस्था शेजारी, आणि नियम साध्या मराठीत फ्रेमच्या बाजूलाच टेक्स्ट म्हणून. कच्चे प्रयोग, ग्राहकाने नाकारलेले रंग, जुने पर्याय हे सगळं दुसऱ्या फाइलमध्ये हलवा. रंगांना व्हेरिएबल द्या आणि नावं कामावरून ठेवा, म्हणजे `text/primary`, `rate/up`. भाव चढल्याचा हिरवा उद्या बदलला तर डेव्हलपरला एकाच जागी बदलावं लागेल.

काम बनून आल्यावर तपासणी डोळ्यांनी करू नका. क्रोममध्ये मोबाइल व्ह्यू ३६० रुंदीवर लावा, स्क्रीनशॉट घ्या, तो फिग्मात त्याच फ्रेमवर ठेवा. स्क्रीनशॉट १०८० रुंद आला तर आधी ३६० वर आणा. मग त्याचा ब्लेंड मोड `Difference` करा. जे जुळतं ते काळं होतं, जे हललंय ते उजळ दिसतं. अक्षरांच्या कडा थोड्या उजळणारच, कारण फिग्मा आणि ब्राउझर अक्षरं वेगवेगळ्या पद्धतीने रंगवतात. तो फरक सोडून द्या, त्यावरून डेव्हलपरशी वाद घालू नका. पण एखाद्या रेघेची जाड सावली दिसली, किंवा खाली जाईल तसा फरक वाढत गेला, तर बहुतेक लाइन हाइट किंवा कड चुकलेली असते. फरक कुठून सुरू झाला ती पहिली जागा शोधा. तिच्या खालचं बरंचसं तिथूनच घसरलेलं असतं.

आणि कळवताना ‘जरा वर घ्या’ असं लिहू नका. ‘दर-कार्ड, बाजार समितीचं नाव, लाइन हाइट आत्ता २०, हवी २४’ असं लिहा. सगळं एका यादीत, एकाच वेळी पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर सुटे मेसेज टाकले तर अर्धे हरवतात आणि दोघांचाही वेळ जातो.