कागदावर नसलेला करार

"मॅडम, कागदावर तर काहीच नव्हतं. पगार वेळेवर होतो, कोणी वाईट बोललं नाही. तरी सतरा वर्षं राबून फसवलं गेल्यासारखं वाटतं. माझंच मन कमकुवत झालंय का?"

वेगवेगळ्या शब्दांत हीच व्यथा मी बँकेतल्या अधिकाऱ्यांकडून, खासगी शाळेतल्या शिक्षिकांकडून आणि कारखान्यांतल्या पर्यवेक्षकांकडून ऐकत आले आहे. त्या प्रत्येकाला मी प्रथम हेच सांगते की त्यांच्या मनात एक करार होता, तो मोडल्याची ही जाणीव आहे आणि नेमणूकपत्रात तो सापडणार नाही. ख्रिस अर्गिरिस या अभ्यासकाने 1960 साली फोरमन आणि कामगार यांच्यातल्या अबोल समजुतीला 'मानसशास्त्रीय करार' म्हटले. डेनिस रूसो यांनी 1989 मध्ये या कल्पनेला जे वळण दिले, त्यावर माझे बरेचसे काम उभे आहे. त्यांच्या मांडणीनुसार हा करार कर्मचाऱ्याच्या मनात राहतो. समोरच्याने नेमके काय देऊ केले आहे, याविषयीची ती त्याची श्रद्धा असते, आणि समोरच्याला तिची कल्पना असेलच असे नाही.

वरचे शब्द पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातील उत्पादन विभागप्रमुखांचे आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. ते डिप्लोमा करून शिकाऊ म्हणून लागले आणि मशीन शॉपमधून वर आले. 2020 च्या टाळेबंदीत त्यांनी पाच महिने तीस टक्के कमी पगार घेतला आणि कारखाना सुरू झाल्यावर कित्येक रात्री तिथेच काढल्या. पुढे प्लांट हेडची जागा निर्माण झाली, तेव्हा मालकांनी एका मोठ्या कंपनीतला माणूस आणला. त्याला कारखाना दाखवण्याचे काम यांच्याकडेच आले.

पहिल्या दोन भेटींत त्यांनी जे सांगितले, त्यात राग कमी आणि हिशेब जास्त होता. दिवाळीच्या मिठाईचा आकार, लग्नाला मालक किती वेळ थांबले, कोणाच्या आजारपणात कोणी फोन केला, अशा जुन्या गोष्टी ते नव्याने तपासत होते. विश्वासाला तडा गेला की माणूस मागचा सारा काळ त्याच भिंगातून पाहू लागतो. त्याचबरोबर त्यांनी काही गोष्टी गुपचूप बंद केल्या होत्या. रात्रपाळीचा फोन ते उचलत नव्हते आणि नव्या मुलांना सेटिंग शिकवणे त्यांनी सोडले होते. नेमून दिलेल्या कामात खोट नव्हती, म्हणून कारखान्यात कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते. बोलणे बंद ठेवून जास्तीचे सारे काढून घेणे, ही या दुखापतीची सर्वांत सामान्य खूण आहे. माझ्या मते ती सर्वांत महागही आहे, कारण समोरच्याला चूक कळत नाही आणि माणसाचे स्वतःच्या कामावरचे प्रेम मात्र आटत जाते.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना कोऱ्या कागदावर सारी वचने लिहायला सांगितली आणि प्रत्येकापुढे ते कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत दिले तेही. अकरा गोष्टी झाल्या. त्यांतल्या तीनच खरोखर बोलल्या गेल्या होत्या. चार त्यांनी दुसऱ्यांकडे पाहून धरल्या होत्या, कारण पूर्वीचे वर्क्स मॅनेजर आतूनच वर गेले होते. उरलेल्या चार कशावरून आल्या, हे त्यांना आठवेना.

"'पुढे हे सगळं तुलाच बघायचंय', हे मालक म्हणाले होते," ते म्हणाले.

"कधी?"

"नवं मशीन बसवलं त्या रात्री. दोन वाजले असतील. चहा पीत होतो."

"हे सगळं म्हणजे काय, असं तुम्ही विचारलंत?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असं कोणी विचारतं का, मॅडम? घरच्या माणसाला?"

सारा गुंता त्या 'घरच्या' शब्दात होता, हे मला तिथेच दिसले. ठरलेला पगार आणि ठरलेले तास एवढाच व्यवहार असेल, तर चूक मोजता येते आणि भरूनही काढता येते. नात्यावर उभ्या असलेल्या करारात काहीच मोजलेले नसते, म्हणून मोडल्यावर सारेच बुडाल्यासारखे वाटते. जे मालक कर्मचाऱ्यांना घरचे म्हणतात, ते किती मोठे देणे अंगावर घेत आहेत याची त्यांना जाणीव हवी, असे माझे ठाम मत आहे.

एलिझाबेथ मॉरिसन आणि सँड्रा रॉबिन्सन यांनी 1997 मध्ये केलेला एक भेद मी इथे नेहमी वापरते. वचन पाळले गेले नाही हे लक्षात येणे वेगळे आणि त्यातून विश्वासघाताची भावना उसळणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये माणूस त्या घटनेचा अर्थ लावत असतो. समोरच्याने जाणूनबुजून पाठ फिरवली, त्याला जमलेच नाही, की दोघांनी मुळात वेगवेगळे समजून घेतले होते, यावर भावनेची धार ठरते. हा अर्थ आपण बहुधा एकटेच, रात्री अंथरुणावर पडून लावतो आणि समोरच्याला विचारत नाही.

म्हणून चौथी भेट आम्ही मालकांशी बोलण्याच्या तयारीत घालवली. अकरांपैकी दोनच गोष्टी त्यांनी निवडाव्यात, प्रत्येकीत आधी घडलेले सांगावे, मग आपण काय समजलो होतो ते, आणि शेवटी प्रश्न विचारावा, असे ठरले. 'तुम्ही मला फसवलंत' हे वाक्य वगळले, कारण त्यावर समोरचा फक्त बचाव करतो.

मालकांची दोन्ही उत्तरे त्यांना अनपेक्षित होती. प्लांट हेडविषयी मालक म्हणाले, "तुला मशीन सोडवत नाही, ऑफिसात बसवलं तर तू कोमेजशील असं मला वाटलं." हा गैरसमज होता, आणि न विचारण्याची चूक दोघांचीही होती. कापलेल्या पगाराबद्दल मात्र मालक गप्प झाले. परत देण्याचे ते स्पष्ट बोलले होते आणि नंतर त्यांनी तो विषय टाळला होता. पाच महिन्यांचे तीस टक्के म्हणजे दीड महिन्याचा पगार. तो दोन हप्त्यांत मिळाला. पद मिळाले नाही.

असे बोलणे नेहमी फळते असे नाही. समोरचा दोनदा विषय टाळतो, किंवा 'बघू' यापलीकडे तारीख देत नाही, तेव्हा तेच उत्तर समजावे आणि राहायचे असेल तर जुन्या अपेक्षा बाजूला ठेवून, ठरलेल्या कामापुरते राहावे, नाहीतर दुसरी नोकरी शोधावी. मालकाला खरेच जमत नसेल आणि तो तसे सांगत असेल, तर नवे काय ठरते ते लिहून घ्यावे. साध्या ईमेलमधल्या दोन ओळीही पुरतात.

शेवटच्या भेटीत त्यांनी आपणहून एक प्रसंग सांगितला, आणि तो मी शिकवला नव्हता याचे मला समाधान आहे. त्यांच्या हाताखालच्या एका शिकाऊ मुलाने विचारले, "साहेब, मी पर्मनंट होईन ना?" इतकी वर्षे त्यांचे उत्तर ठरलेले होते: तू काम कर, होईल सगळं. या वेळी ते त्याला म्हणाले, "ते माझ्या हातात नाही. सोमवारी विचारून तुला सांगतो." आणि सोमवारी त्यांनी विचारले.