आदल्या रात्रीची कात्री

"लग्नाच्या आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी बाथरूममध्ये गुपचूप पुढचे केस कापले. लग्न होऊन आठ दिवस झाले, तरी मनात तेच घोळतंय. मला हे लग्न नकोच होतं का?"

माझ्याकडे लग्नाआधी समुपदेशनाला येणाऱ्या एका मुलीने हेच केलं होतं. (तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुहूर्ताच्या दिवशी पहाटे साडेपाचला तिचा फोन आला. ओले केस तिने भुवयांपर्यंत मोजून कापले होते. ओले केस ताणले जातात, वाळले की आखडतात. तिचे तर कुरळे. बट थेट दोन बोटं वर गेली होती. "आई म्हणेल अपशकुन केलास," असं म्हणत ती रडत होती.

का कापलेस, असं मी विचारलं नाही. अशा वेळी त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. कात्री हातात घेण्याआधी काय झालं, एवढंच विचारलं. मग हळूहळू निघालं. हळदीच्या वेळी सासरकडच्या कुणीतरी म्हटलं होतं, "कपाळ जरा मोठंच आहे, मुंडावळ्या भरून बांधा." त्याआधी दिवसभर साडी, खोपा, नथ, सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. रात्री आरशात तिला फक्त कपाळ दिसत होतं.

मी पुढे विचारलं, "हे पहिल्यांदा कुणाला सांगावंसं वाटलं?"

"त्याला. पण मुहूर्ताआधी भेटू देत नाहीत."

माझ्या लेखी हे उत्तर फार महत्त्वाचं होतं. तिला नवऱ्याची भीती नव्हती, लोकांच्या नजरेची होती. तिने त्याचं नाव ऐकताच छातीत धडधडतं, घरच्यांनी जबरदस्ती केली, धमकावलं, असं काही सांगितलं असतं, तर मी केसांबद्दल एक शब्दही बोलले नसते. लग्न थांबवायला मदत करणारं माणूस शोधलं असतं, १८१ ही महिला हेल्पलाइन सांगितली असती. केस उपटण्याची किंवा कापण्याची अनावर ऊर्मी वारंवार येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं लागतं. इथे तसं काही नव्हतं.

बरोबर करायला म्हणून आणखी कापू नकोस, असं तिला बजावलं. घरातल्या एकाच माणसाला सांगायचं ठरलं, तिने मावशी निवडली. मावशीने बट ओली करून आडवी वळवली, दोन पिना लावल्या आणि वरून मुंडावळ्या बांधल्या. आईला विधी आटोपल्यावर कळलं.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तीन महिन्यांनी दोघं आले, तेव्हा बट भुवईला टेकली होती. त्याला तिने पहिल्याच रात्री सांगितलं होतं.

तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगणार होतात? आणि त्या संध्याकाळी कुणी काय बोललं होतं? आठवेल ते लिहून भेटायला या.