गुडघा सुजलाय, मग डोळे का तपासायचे?

माझी मुलगी चार वर्षांची आहे. दोन महिन्यांपासून तिचा उजवा गुडघा सुजलाय, सकाळी उठल्यावर लंगडते. संधिवात निघाला, रक्तातली एएनए चाचणी पॉझिटिव्ह आहे. आता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलंय. तिचे डोळे तर अगदी छान आहेत! – एक आई, नौपाडा, ठाणे

डोळे छान दिसतात, म्हणूनच तपासायचे. सोळाव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि सहा आठवडे टिकलेली सांध्याची सूज, दुसरं कारण सापडलं नाही तर, जेआयए म्हणजे लहान मुलांचा संधिवात म्हणून ओळखली जाते. तिचे प्रकार अनेक आहेत. पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्याहून कमी सांधे सुजले, तर तो ऑलिगो प्रकार. तुमच्या मुलीला बहुधा हाच आहे. सातव्या वर्षाआधी सुरू झालेला ऑलिगो आणि जोडीला एएनए पॉझिटिव्ह, अशा मुलांच्या डोळ्याला आतून सूज येण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो. ही सूज म्हणजे युव्हायटिस. त्यात डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि एवढंसं मूल अंधुक दिसतंय हेही सांगत नाही. बाहुली वेडीवाकडी दिसू लागते तेव्हा ती मागच्या भिंगाला चिकटलेली असते. पुढे मोतीबिंदू आणि काचबिंदूही होऊ शकतो.

तपासणी स्लिट लॅम्पवरच व्हायला हवी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून किंवा शाळेच्या शिबिरात अक्षरं वाचून घेऊन हे कळत नाही. स्लिट लॅम्पचा बारीक प्रकाशझोत डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यातून जातो. निरोगी डोळ्यात तिथे काहीच दिसत नाही. सूज असेल तर कवडशात धूलिकण तरंगावेत तशा पांढऱ्या पेशी तरंगताना दिसतात. आजार सुरू झाल्यापासून पहिली चार वर्षं दर तीन महिन्यांनी ही तपासणी करा. मागचा रिपोर्ट नॉर्मल होता म्हणून पुढची तारीख चुकवू नका.

नातवाच्या रक्तातला आरए फॅक्टर निगेटिव्ह आलाय. म्हणजे संधिवात नाही ना? – एक आजोबा, नेरुळ

तसं नाही. जेआयएच्या बहुतेक मुलांत तो निगेटिव्हच असतो. निदान सांधा हाताने तपासून होतं. एएनएही निरोगी मुलांत पॉझिटिव्ह येऊ शकतो. तो पाहायचा तो डोळ्यांचा धोका ठरवण्यासाठी.

मुलीच्या गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, सूज गेली. आता तपासणीत युव्हायटिस निघाला. चार महिने थेंब चालू आहेत, तरी मेथोट्रेक्सेट घ्या म्हणतात. हे तर कॅन्सरचं औषध! – एक बाबा, ऐरोली

आधी नेप्रोक्सेनसारखं सूज उतरवणारं औषध, मग सांध्यातलं इंजेक्शन, ही पायरी गुडघ्यासाठी बरोबर होती. पण सांध्यातलं औषध डोळ्याचं काम करत नाही. डोळ्यासाठी आधी प्रेडनिसोलोनचे थेंब असतात. तीन महिने झाल्यावरही दिवसाला एक-दोन थेंब लागतच असतील, तर थेंबच मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाब वाढवायला हातभार लावतात. म्हणून मेथोट्रेक्सेट.

कॅन्सरमध्ये याचे डोस कितीतरी मोठे असतात. इथे शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १० ते १५ मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदा. १५ किलो वजन आणि १०० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचं क्षेत्रफळ साधारण ०.६५ चौरस मीटर भरतं, म्हणजे आठवड्याला जास्तीत जास्त सुमारे १० मिलिग्रॅम. मला भीती वाटते ती एकाच गोष्टीची: ही गोळी चुकून रोज दिली जाते, आणि ते जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, डॉक्टरांकडून तो चिठ्ठीवर लिहून घ्या आणि केमिस्टलाही दाखवा. डॉक्टर फॉलिक अॅसिड देतील, ते कधी द्यायचं तेही विचारून घ्या. रक्तपेशी आणि लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी करा. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात.

तेवढ्याने भागलं नाही, तर पुढची पायरी अॅडालिमुमॅबचं इंजेक्शन, ३० किलोखालच्या मुलांना सहसा २० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली. त्याआधी क्षयाची तपासणी झालीच पाहिजे, कारण दबलेला टीबी या औषधाने उसळतो. सांध्यांसाठी चांगलं असलेलं एटानरसेप्ट युव्हायटिसमध्ये मात्र पुरेसं पडत नाही. घरात कुणाला टीबी झाला असेल, तर ते आपणहून सांगा.

मुलगा अकरा वर्षांचा. टाचा दुखतात, परवा डोळा लाल होऊन फार दुखला. – एक आई, वाशी

टाचेला स्नायूबंध जिथे चिकटतो तिथे दुखणारा हा जेआयएचा वेगळा प्रकार असू शकतो. त्यात रक्तात एचएलए-बी२७ ही जनुकीय खूण पाहतात. याचा युव्हायटिस लाल होऊन, दुखून येतो. पुन्हा झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठा. केमिस्टकडून स्वतःहून थेंब घेऊ नका.

दीड वर्षापासून गुडघा एकदम बरा आहे. डोळ्यांतली सूजही गेली. मेथोट्रेक्सेट बंद करून टाकू का? – एक आई, कळवा

स्वतःहून नको. गुडघा आणि डोळा एकमेकांच्या चालीने चालत नाहीत. एक शांत असताना दुसरा पेटतो. डोळा औषधावर साधारण दोन वर्षं शांत राहिला की मग हळूहळू कमी करायचा विचार होतो. औषध कमी केलं किंवा थांबवलं की दोन महिन्यांच्या आत स्लिट लॅम्पची तपासणी करून घ्या, कारण सूज परतली तर ती पुन्हा गुपचूपच येते.