इडली टिकते, उपमा टिकत नाही

प्रश्न: शिजवलेली इडली, उपमा किंवा पोहे बाहेर आणि फ्रिजमध्ये कमीत कमी किती वेळ चांगले राहतात?

बाहेर ठेवायचे तर उपमा आणि पोहे दोन तास, आणि नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये एकच तास. पुस्तकी नियम इडलीलाही हाच लावतात. मी नाशिकरोडला नोकरदारांना नाश्त्याचे डबे देते. नीट आंबवलेल्या पिठाची, गार करून कोरडी ठेवलेली, चटणी न लागलेली इडली हिवाळ्यात चार तासांच्या आत खाल्ली जाणार असेल तरच मी ती डब्यात देते. उन्हाळ्यात इडलीलाही दोनच तास. फ्रिजमध्ये इडली दोन दिवस, उपमा एक दिवस आणि पोहे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

आता उपम्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरात यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

चैत्रोत्सवात आम्ही सगळे सप्तशृंगी गडावर निघालो होतो. पहाटे पाचला थोरल्या जाऊबाईंनी मोठं पातेलंभर उपमा केला, वाफाळता असतानाच पाच लिटरच्या स्टीलच्या डब्यात दाबून भरला, झाकण घट्ट लावलं आणि वर टॉवेल गुंडाळला. मी म्हटलं, "वहिनी, परातीत पसरून गार करू आणि मग भरू." त्या म्हणाल्या, "गार झाला तर खाणार कोण? वर जाऊन गरम करता येईल, गरम केलं की सगळं मरतं." मी आदल्या रात्रीच्या पिठाच्या इडल्या केल्या होत्या. त्या पंख्याखाली सुती कापडावर पसरून गार केल्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी वेगळ्या डबीत घेतली. इडल्या दिंडोरीच्या पुढे रस्त्यातच मुलांनी संपवल्या.

ट्रॉलीच्या रांगेत वेळ गेला आणि उपमा उघडला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. वास चांगला, चव चांगली, वरचा थर कोमट आणि चमचा मधे घातला तर आत अजून गरम. आम्ही उतरलो होतो तिथल्या शेगडीवर जाऊबाईंनी तो खरोखर चटका बसेल इतका तापवला. तीनच्या सुमारास ज्यांनी उपमा पोटभर खाल्ला होता त्यांना उलट्या सुरू झाल्या. ताप कुणालाच नव्हता, नुसती मळमळ आणि उलटी, आणि रात्रीपर्यंत सगळे सावरले. मुलांनी फक्त इडल्या खाल्ल्या होत्या. पाणी आमच्याबरोबरच प्यायली, उन्हातही आमच्याबरोबरच होती, त्यांना काहीही झालं नाही. तरी घरात आजही "ऊन लागलं होतं" असंच सांगितलं जातं.

ऊन लागलेलं नव्हतं. रवा, तांदूळ, पोहे यांत मातीतून आलेला बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू बऱ्याचदा असतो. शिजवताना त्याच्याबरोबरचे बाकीचे बहुतेक जंतू मरतात, पण हा बीजाणूंच्या रूपात उकळत्या पाण्यातही तग धरतो. अन्न ६० अंशांच्या वर कडक गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असेल तर तो गप्प राहतो. मधल्या कोमट पट्ट्यात तो उगवतो, वाढतो आणि एक विष तयार करतो. हे विष उष्णतेने नष्ट होत नाही. तुम्ही उपमा पुन्हा चटका बसेपर्यंत तापवलात तर जीवाणू मरतील, विष तसंच राहील. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या होतात. आमच्याकडे घडलेलं सगळं या हिशोबात बसतं: पहाटे पाच ते दुपारी साडेबारा, मोठ्या डब्यात तासन्‌तास कोमट राहिलेला ओलसर रवा, आणि तीनला उलट्या. वासावर भरवसा ठेवू नका, कारण या विषाला ना वास असतो ना चव.

मग इडली का वाचते? पीठ आंबतं तेव्हा त्यात आम्ल तयार होतं आणि शिजल्यावरही इडलीत ते राहतं. आंबट अन्नात हा जीवाणू सहज वाढत नाही. उपम्यात असं काहीच नसतं, वरून पिळलेलं अर्धं लिंबू पातेलंभर रव्याला पुरत नाही. म्हणूनच सोडा किंवा इनो घालून झटपट केलेल्या रवा इडलीला मी इडली मानत नाही. टिकण्याच्या बाबतीत ती उपम्याच्याच रांगेत बसते. आणि ओल्या खोबऱ्याची चटणी लागली की चांगल्या इडलीचाही फायदा संपला. प्रवासात ओली चटणी न्यायचीच नाही.

इडली बिघडली की कळतं तरी. बोटांना बुळबुळीत लागते, तोडताना तार सुटते, पिठाच्या आंबटपणापेक्षा वेगळा कुबट वास येतो. फ्रिजमधून काढलेली इडली कडक झाली म्हणजे खराब झाली असं मात्र नाही. थंडीत तांदळातला स्टार्च घट्ट होतो, पाच-सात मिनिटं वाफ दिली की ती परत मऊ होते.

पोह्यांचं थोडक्यात सांगते. भिजवलेल्या पोह्यांना आपण फक्त एक वाफ काढतो, वर ओलं खोबरं आणि कच्ची कोथिंबीर घालतो, आणि बऱ्याच घरांत बटाटाही असतो. खोबरं-कोथिंबीर शिजलेली नसते आणि ती हातानेच पसरली जाते, म्हणून ठेवायचे पोहे मी त्यांच्याशिवायच ठेवते. दडपे पोहे तर ठेवायचेच नाहीत, कालवले की संपवायचे.

ठेवायची पद्धत तिन्हींना एकच आहे. उपमा परातीत बोटभर जाडीचा पसरा, पंखा लावा, अर्ध्या तासात वाफ जाते. मग उथळ डब्यांत थोडा थोडा भरून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. "गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवू नये" म्हणून पातेलं ओट्यावर दुपारपर्यंत पडू देणं, हीच खरी चूक आहे. थोडी ऊब राहिली तरी आत ठेवा, मोठं उकळतं पातेलं तेवढं ठेवू नका. खाताना लागेल तेवढाच काढून पाण्याचा हबका मारून पूर्ण गरम करा, आणि एकदा गरम केलेलं परत आत ठेवू नका.

माझे हे आकडे धडधाकट माणसांसाठी आहेत. लहान बाळ, गरोदर बाई, मधुमेह असलेले म्हातारे सासू-सासरे घरात असतील तर बाहेर इडलीलाही उपम्याचाच नियम लावा. उलट्या झालेल्या मुलाला लघवी कमी होत असेल किंवा ते सुस्त पडलं असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्या. आणि हे सगळं फ्रिज चालू असेल तर. लाइट चार तासांहून जास्त गेली असेल तर आतला उपमा आणि पोहे टाकून द्या, इडल्याही ठेवू नका.