सकाळची कामवाटणी, टूलबॉक्स टॉक आणि संध्याकाळचं ‘झालं’: सुपरवायझरांच्या प्रश्नांना उत्तरं

दर आठवड्याला मेसेज तेच, फक्त नंबर बदलतो. म्हणून आज एकदाच सगळ्यांना इथंच सांगतो.

टूलबॉक्स टॉक किती वेळ घ्यावा? आमचे पीएम म्हणतात अर्धा तास पाहिजे.

दहा मिनिटं, उभ्याउभ्या, काम जिथं आहे तिथंच.

लेबर बंगाल, ओडिशा, तेलंगणातलं आहे. मी हिंदीत सांगतो, सगळे मान हलवतात. कळलं की नाही कसं ओळखायचं?

मान हलवणं म्हणजे कळलं असं नसतं हो, ‘साहेब लवकर सोडा’ असंही असतं. गँगमधल्या सगळ्यात नवीन बिगाऱ्याला विचारा, मुकादमाला नको, की आज तू कुठं काम करणार आणि तिथं काय सांभाळायचंय. त्याला सांगता आलं तर पोचलं, नाही आलं तर त्याच्याच भाषेतल्या कोणाला तरी पुढं करून परत सांगायला लावा. आणि एका दिवशी एकच धोका घ्या, ज्या कामाला ते आज जाणार आहेत त्याचा. ‘हेल्मेट घाला, बूट घाला, सावधान राहा’ ही कॅसेट रोज लावली की तिसऱ्या दिवसापासून कोणी ऐकत नाही.

एकजण अॅप विकायला आलाय, म्हणतो टूलबॉक्स टॉकचे फोटो, सह्या, प्रोग्रेस सगळं आपोआप, ऑडिटला टेन्शन नाही. घ्यावं का?

ऑडिटचं टेन्शन जाईल, साइटचं नाही जाणार. रेडीमेड विषय छापलेली रजिस्टरं विकणारे आधी यायचे, आता अॅपवाले येतात, माल तोच. मी एका साइटवर बघितलंय, आठवडाभराच्या सह्या एकाच पेनानं एकाच बसकणीत झालेल्या आणि विषय ‘उंचीवरील काम’, जेव्हा सगळी गँग तळमजल्यावर खोदाईला होती. वही चालते, एक्सेल चालतं, अॅपही चालतं. फक्त घ्यायच्या आधी त्याला विचारा की सकाळी दिलेलं काम, त्या कामाचा धोका आणि संध्याकाळची स्थिती एकाच ओळीत दिसते का. तीन वेगळ्या स्क्रीनवर असेल तर पैसे वाचवा, आणि तरीही घ्यायचंच असेल तर आधी साइट इंजिनियर आणि सेफ्टी ऑफिसर दोघांना बसवून दाखवा.

मुकादम संध्याकाळी ‘झालं साहेब’ म्हणतो, मी डीपीआरमध्ये 100 टक्के टाकतो. दुसऱ्या दिवशी काहीतरी राहिलेलं निघतं. ट्रॅकिंग कसं करावं?

हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत. मी ज्याच्यावरून साइटवर सगळ्यांशी भांडतो तो मुद्दा हाच. मुकादमाचं ‘झालं’ म्हणजे माल बसला. तुमचं ‘झालं’ म्हणजे माल बसला आणि त्यासाठी जे काढलं होतं ते परत जागेवर गेलं. या दोन्हीत जो फरक आहे त्यात माणसं पडतात, अक्षरशः पडतात.

एक दिवस घेऊ. प्लंबिंग गँगला काम दिलंय, डक्ट नंबर 2 मध्ये पाचव्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत 110 एमएम पाइपच्या दोन उभ्या लायनी. मजल्याची उंची 3 मीटर धरली तर एका लायनीचे 6, दोन्ही मिळून 12 मीटर. त्यासाठी पाचव्या, चौथ्या, तिसऱ्या स्लॅबवरची डक्टची झाकणं काढावी लागतात. हे वाटणीतच लिहायचं, की तीन झाकणं निघणार, उघडं असेपर्यंत भोवती कडक रेलिंग, कोण लावणार त्याचं नाव. नुसती लाल-पांढरी पट्टी बांधून सुटायचं नाही, पट्टी माणसाला अडवत नाही.

संध्याकाळी एक कपलर कमी पडला. एक लायन पूर्ण, दुसरी पाचव्यापासून चौथ्यापर्यंत, म्हणजे 9 मीटर झालं. मुकादम म्हणणार ‘झालंच आहे, थोडं राहिलंय’, तुम्ही 90 टक्के टाकणार. टक्के टाकूच नका, मीटर टाका, 12 पैकी 9, अडकलं कपलरसाठी. पण खरी गोम पुढंच आहे. जुनं झाकण आता बसतच नाही, कारण मधून पाइप वर आलाय! मग गँग काय करते, एक प्लायचा तुकडा आडवा टाकते आणि घरी जाते. दुसऱ्या दिवशी प्लास्टरवाल्यांचा बिगारी येतो, त्याला माल कालवायला प्लाय हवाच असतो, तो दोन्ही हातांनी प्लाय उचलतो, त्याच प्लायनं पायाखालचं दिसेनासं होतं आणि तो एक पाऊल पुढं टाकतो. स्लॅबमधल्या होलमधून माणूस खाली जाण्याचा हा नेहमीचा प्रकार आहे, आणि रजिस्टरमध्ये त्या डक्टपुढं ‘कम्प्लीट’ असतं.

म्हणून झाकण पाइपभोवती कापून बसवायला कारपेंटरचा अर्धा तास सकाळच्या वाटणीतच धरा, संध्याकाळी पाचला तो सापडणार नाही. झाकण जाड प्लायचं, खाली होलच्या आत बसणाऱ्या पट्ट्या ठोकलेल्या म्हणजे सरकत नाही, वरून फिक्स केलेलं आणि रंगानं ‘खाली होल’ लिहिलेलं. प्लाय किती जाडीचा, कुठून फिक्स करायचा, हे होलच्या मापावर आहे, सेफ्टी ऑफिसरला किंवा इंजिनियरला विचारा, माझ्या अंदाजावर जाऊ नका. आणि होलमध्ये सळईची जाळी स्लॅब भरतानाच सोडून ठेवता आली तर फारच उत्तम, पण ती कधी कापायची हेही त्यांनाच विचारून.

राहिलं शेवटचं. दुसऱ्या सकाळी ही गोष्ट प्लंबरला सांगून उपयोग नाही, त्याला माहितीये. पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या मजल्यावर ज्या ज्या गँग जाणार आहेत, प्लास्टर, इलेक्ट्रिशियन, झाडूवाली बाई, सगळ्यांना त्या डक्टपाशी नेऊन दाखवायची. आणि कॉलममध्ये ‘झालं’ मुकादमानं लिहायचं नाही, तुम्ही वर जाऊन झाकणावर हात ठेवून लिहायचं.

सेंटरिंगवाला म्हणतो सात दिवस झाले, स्लॅबचे प्रॉप काढून पुढच्या मजल्याला देतो. आजच्या वाटणीत टाकू का?

त्याच्या बोलण्यावर नाही. आयएस 456 मध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबच्या प्रॉपना 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस दिलेत, सहा मीटरपर्यंतच्या बीमला 14 आणि पुढं 21, पण ते ओपीसी सिमेंट आणि हवा 15 डिग्रीच्या खाली नाही असं धरून. आजकाल आरएमसीत फ्लायअॅश असते, वर अजून एका स्लॅबचं वजन येणार असतं. क्यूबचे रिझल्ट घेऊन स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी घ्या, मगच वाटणीत टाका. ‘मागच्या साइटवर काढले होते, काही झालं नाही’ हे मला कोणी सांगू नका.

टॉक झाल्यावर जे उशिरा येतात त्यांचं काय?

कामाला लावायच्या आधी तेवढंच त्यांना वेगळं सांगा, नाहीतर गेटवर बसवा.

रात्री पाऊस झाला, फुटिंगच्या खड्ड्यात आज फिटर उतरवायचेत. बिल्डर म्हणतो वेळ घालवू नका.

आधी वरून कडेनं फिरा. कडेला भेग दिसली, माती सुटलेली दिसली, पाणी झिरपतंय दिसलं तर कोणी उतरायचं नाही. दीड मीटरहून खोल असेल तर उतार किंवा शोअरिंग हवंच, आणि काढलेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब, खड्डा तीन मीटरहून खोल असेल तर खोलीच्या निम्म्या अंतरावर. शिडी टाकलीये का बघा. हे सगळं ठीक असलं तरी पावसानंतर इंजिनियरला खड्डा दाखवून मगच, आणि बिल्डरला फोनवर नको, लेखी कळवा की तपासणी होईपर्यंत फिटर सळई कापायला लावलेत.